गाउनच्या जागी पैठणी: चेहरा, बसणं आणि हात तसेच ठेवून फोटोतलं कापड बदलताना

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. त्यांची रिटचिंगची कामं मी करतो. वर्षश्राद्ध जवळ आलं की लोक भिंतीवर लावायचा मोठा फोटो करून घ्यायला येतात आणि बऱ्याचदा म्हणतात, ‘फोटो हाच, फक्त कपडे बदला.’ कारण सरळ आहे. लग्नकार्यातल्या फोटोत साडी छान असते, पण माणूस घोळक्यात, तोंड अर्धवट वळलेलं. ज्या फोटोत चेहरा खराखुरा त्या माणसाचा वाटतो तो घरात, सहज, मोबाइलवर काढलेला असतो. आजोबा बंडीत आणि आजी गाउनमध्ये.

हे प्रकरण तसंच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकू वारल्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. नातवाने खिडकीपाशी खुर्चीत बसवून काढलेला त्यांचा फोटो होता. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, उजवा हात डाव्या हातावर ठेवून मांडीवर, मनगटात हिरव्या बांगड्या, गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र. अंगावर फिक्या निळ्या फुलांचा, पुढे बटणं असलेला गाउन. काका आणि मुलगी मिळून आले होते. मुलगी म्हणाली, “दादा, आईला पैठणी नेसवून द्या. हिरवी.” काकांनी एकच अट घातली. “चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि हात तिचेच राहू देत.”

अशी कामं आम्ही फक्त घरच्या माणसांच्या सांगण्यावरून घेतो, तेही कागदावर सही घेऊन. ‘एका मुलीचा फोटो आहे, ड्रेस बदलून द्या’ म्हणून कुणी तिसराच आला तर त्याला दारातूनच परत पाठवतो.

अडचण नेमकी कुठे

मूळ फाइल ३०२४ × ४०३२ पिक्सेलची होती. बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटसाठी बाजू थोड्या कापल्या तरी इंचाला २२४ पिक्सेल मिळतात, म्हणजे आकाराची चिंता नव्हती. चिंता वेगळीच होती. या फोटोत कापड आणि माणूस एकमेकांत अडकलेले होते. हात कापडावर टेकलेले, बोटांच्या फटीतून गाउनची फुलं दिसतात. मंगळसूत्राचे मणी कापडावर पडलेले, दोन मण्यांच्या मधूनही निळा रंग डोकावतो. आणि काकूंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला होता. घरच्यांना तो खांदा सवयीचा असतो. तो सरळ झाला तर काय चुकलंय ते त्यांना सांगता येत नाही, पण ‘ही आई वाटत नाही’ एवढं मात्र ते लगेच म्हणतात.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय स्टुडिओवाल्यांचा जुना. साडी नेसलेल्या बाईची तयार फाइल घ्यायची आणि तिच्यावर चेहरा बसवायचा. काम झटपट होतं, पण हात दुसऱ्याच कुणाचे येतात. काकांच्या अटीने हा पर्याय तिथेच बाद झाला.

दुसरा पर्याय म्हणजे अख्खा फोटो एखाद्या एआय एडिटिंग मॉडेलला देऊन ‘गाउनच्या जागी साडी कर’ असं लिहायचं. निकाल पाहताक्षणी सुंदर दिसतो. मात्र अशी बहुतेक मॉडेल्स फोटोचा एक भाग बदलत नाहीत, सगळा फोटो नव्याने काढतात. चेहरा नव्वद टक्के तोच असतो, पण हनुवटीवरचा तीळ पुसट होतो, पापणीचा बाक बदलतो, सुरकुत्या एकसारख्या होतात. अनोळखी माणसाला फरक कळणार नाही. नवऱ्याला कळतो.

उरला इनपेंटिंगचा रस्ता. फोटोच्या ज्या भागावर मास्क रंगवला तेवढाच भाग मॉडेलने नव्याने भरायचा, बाकीचे पिक्सेल मूळचेच राहतात. आम्ही हा रस्ता घेतला. स्टुडिओच्याच संगणकावर, एसडीएक्सएल या चित्रं काढणाऱ्या एआयच्या इनपेंटिंग मॉडेलवर काम केलं, त्यामुळे फोटो कुठल्या अॅपवर चढवावा लागला नाही.

पहिला निर्णय: साडी कशी नेसवायची

मास्क काढण्याआधी आम्ही ब्लाउजवर बोललो. मुलीला ते विचित्र वाटलं, पण या कामात सगळं त्यावर ठरतं. गाउनच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या. ब्लाउजच्या बाह्या त्याहून आखूड केल्या तर दंडाचा जो भाग उघडा पडेल तो मूळ फोटोत नाहीच. तो मॉडेलला कल्पनेने रंगवावा लागेल आणि तिथे सत्तरीच्या बाईच्या हाताला तिशीतला दंड जोडला जाईल. गळ्याचंही तेच. म्हणून ठरवलं की बाह्या कोपरापर्यंत आणि गळा गाउनच्या गळ्याएवढाच. जुन्या कपड्याने जेवढं झाकलं होतं तेवढं किंवा त्याहून थोडं जास्त नव्या कपड्याने झाकायचं. साडीत हे सहज जमतं. पदर खांद्याच्या रेषेबाहेर थोडा जातो, त्यासाठी मास्क डाव्या खांद्यावर बाहेर वाढवला, म्हणजे मागच्या भिंतीचा थोडा भाग आत घेतला. साधी भिंत पुन्हा रंगवणं मॉडेलला जड नाही, त्वचा मात्र जड आहे.

दुसरी खात्री डाव्या-उजव्याची. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो कधीकधी आरशासारखे उलटे साठवलेले असतात. तसं असेल तर पदर चुकीच्या खांद्यावर जाईल. मागच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिची अक्षरं सरळ होती. काकूंची चमकीही डाव्या नाकपुडीत होती. म्हणजे फोटो सुलटा, आणि पदर बघणाऱ्याच्या उजव्या हाताला.

दुसरा निर्णय: मास्कची हद्द

हातांचा विचार करताना पहिल्यांदा वाटतं, हात मास्कच्या बाहेर ठेवले की झालं. तेवढ्याने होत नाही, कारण मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. ते फोटोच्या आठपट लहान केलेल्या रूपावर काम करतं आणि त्यातला एक चौकोन म्हणजे आठ बाय आठ पिक्सेल. शिवाय प्रोग्रॅममध्ये `Only masked` हा पर्याय निवडला की मास्कच्या आसपासचा भाग कापून तो १०२४ पिक्सेलच्या चौकटीत बसवला जातो. आमच्याकडे मानेपासून गुडघ्यापर्यंतचा तुकडा सव्वादोन पट लहान झाला. म्हणजे मूळ फोटोतले साधारण १८ पिक्सेल मिळून मॉडेलचा एक चौकोन. काकूंच्या दोन बोटांमधली फट १२ पिक्सेलची होती आणि मंगळसूत्राचा मणी त्याहून लहान. मास्क कितीही बारकाईने रंगवला तरी ती फट मॉडेलच्या हिशेबात नव्हतीच.

म्हणून मास्क दोन टप्प्यांत केला. पहिल्या टप्प्यात हात, बांगड्या आणि बोटांच्या फटी सगळं मिळून एकच बंद आकार मास्कबाहेर ठेवला. फटीत निळी फुलं राहिली तर राहू दिली. इथे एक पथ्य होतं. मास्कची कड हातावरून आडवी जाता कामा नये. मनगटाचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर राहिला की मॉडेलला वाटतं हात इथे संपलेला नाही, आणि ते मांडीवर सहावं बोट किंवा दुसरं मनगट काढून ठेवतं. कड हाताच्या बाहेरून, त्वचेला लागून फिरली की हा त्रास जवळपास नाहीसा होतो.

`Only masked padding` म्हणजे मास्कभोवतीचा किती पिक्सेल भाग तुकड्यात सोबत घ्यायचा तो आकडा. तो मुळात ३२ असतो. तो आम्ही २०० च्या वर नेला. कारण मॉडेल तुकड्याबाहेरचं काहीच बघत नाही. चेहरा त्याच्या नजरेत आला नाही तर उजेड कुठून येतोय आणि माणसाचं वय काय याचा त्याला अंदाज राहत नाही. चेहरा मास्कमध्ये नसतो, फक्त दिसतो. बदल्यात तुकडा मोठा होतो आणि बारकावा कमी होतो. हा सौदा आम्ही पहिल्या टप्प्यापुरता मान्य केला, कारण बारकावा नंतर भरता येतो, चुकलेला उजेड भरता येत नाही.

तिसरा निर्णय: किती पुसायचं

सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. `Denoising strength` म्हणजे जुन्या चित्रावर किती धूळ टाकून पुन्हा काढायला सांगायचं त्याचं माप. ०.५ ठेवलं तेव्हा गाउन गेला नाही, फक्त रेशमी झाला. निळ्या फुलांच्या बुट्ट्या झाल्या, बटणांच्या पट्टीची जरीची पट्टी झाली. मोठ्या भागाचा मूळ रंग आणि उजळपणा एवढ्या धुळीतूनही टिकतो, आणि फिका निळा सोडून गडद हिरव्यावर जायला मॉडेल तयार होत नाही. ०.९ च्या पुढे गेलो तेव्हा हिरवी साडी आली, पण पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला, म्हणजे गुजराती पद्धतीचा. कंबर बारीक, आणि मांडीवरचे हात कापडावर टेकलेले न वाटता अधांतरी, कारण हातांखालची सावली पुसली गेली होती.

मधला आकडा शोधत बसण्यापेक्षा आम्ही सुरुवातीचं चित्रच बदललं. फोटोशॉपमध्ये गाउनवर सरळ रंग ओतला. अंगाला गडद हिरवा, पदराची तिरकी पट्टी डाव्या खांद्यावर, तिच्या कडेला सोनेरी जाड पट्टा, मांडीवर निऱ्यांच्या चारसहा गडद रेघा आणि हातांखाली मऊ ब्रशने सावली. लहान मुलाने रंगवल्यासारखं दिसत होतं, पण रंग कुठला, काठ कुठे, पदर कुठल्या खांद्यावर, एवढं त्यात स्पष्ट होतं. मग ०.६ ते ०.६५ पुरेसं झालं. मॉडेलला आता साडी शोधायची नव्हती, दिलेल्या रंगांना कापडाचं रूप द्यायचं होतं.

सोबत कंट्रोलनेटचा, म्हणजे मूळ फोटोतली ठेवण मॉडेलला पाळायला लावणाऱ्या जोडणीचा, डेप्थ प्रकार लावला. मूळ फोटोतून कुठला भाग किती पुढे आणि किती मागे याचा नकाशा काढला की उतरलेला खांदा, पोटाचा घेर, मांडीचा उतार हे सगळं टिकतं. शरीराचा सांगाडा काढणाऱ्या ओपनपोझ प्रकाराची इथे गरज नव्हती. चेहरा आणि हात मुळातच मास्कबाहेर होते आणि सांगाड्याच्या काड्यांना घेर कळत नाही. कडांच्या रेघा काढणारा कॅनी प्रकार तर उलट त्रासाचा, कारण तो गाउनची कॉलर आणि बटणांच्या रेघाही इमानदारीने जपतो. डेप्थचा जोरही अर्ध्यावर, ०.५ ठेवला आणि मॉडेल ज्या पायऱ्यांनी चित्र काढत जातं त्यातल्या साठ टक्के पायऱ्यांनंतर तो सुटेल असं केलं. पूर्ण जोर दिला की गाउनच्या चुण्या तशाच राहतात आणि साडी अंगाला चिकटवल्यासारखी दिसते.

लिहिलेली सूचना एवढीच होती:

```
elderly Indian woman seated, dark green silk saree,
wide gold zari border, pallu over left shoulder,
elbow-length blouse, soft window light from left
```

नको असलेल्या गोष्टींत `necklace, buttons, collar` टाकलं. ‘एल्डरली’ हा शब्द चेहऱ्यासाठी नव्हता, चेहरा सुरक्षित होता. तो काढला की शरीर तरुण होतं आणि म्हातारा चेहरा त्यावर उपरा दिसतो.

हात आणि मंगळसूत्र

पहिला टप्पा पटला तेव्हा फक्त हातांचा आठशे पिक्सेलचा तुकडा कापला आणि तो १०२४ वर वाढवला. आता एक चौकोन म्हणजे मूळचे सहा पिक्सेल. बोटांच्या फटी आणि हाताभोवतीची पातळ कड एवढाच मास्क, `Mask blur` म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा अगदी कमी, आणि आधी फटीत हिरवा रंग हाताने भरलेला. फुलं गेली. एका बांगडीच्या आतल्या बाजूला निळसर कड राहिली, ती ब्रशने काढली. सगळं मॉडेलकडूनच करून घेण्याचा हट्ट बरा नव्हे.

मंगळसूत्राचं काम मॉडेलकडे दिलंच नाही. त्याला मंगळसूत्र म्हटलं की ते हार काढतं. मूळ फोटोतून मंगळसूत्राचा तुकडा वेगळ्या लेयरवर घेतला आणि तयार साडीवर ठेवून लेयरचा मोड डार्कन केला. या मोडमध्ये दोन थरांपैकी जे गडद ते दिसतं. काळे मणी हिरव्यापेक्षा गडद, म्हणून राहिले. मण्यांमधला फिका निळा हिरव्यापेक्षा उजळ, म्हणून आपोआप गेला. एकेक मणी कापत बसावं लागलं नाही. वाट्या मात्र सोन्याच्या, त्या उजळ असल्याने या मोडमध्ये गायब होतात. त्या पेनटूलने कापून साध्या मोडमध्ये वर ठेवल्या आणि खाली दोन-तीन पिक्सेलची सावली दिली. डाव्या बाजूचा पदर मंगळसूत्रावरून घ्यायचा की खालून, हे मुलीला विचारलं. ती म्हणाली, “आई एक बाजू पदराआडच ठेवायची.” तसंच केलं.

पहिला नमुना आणि नापसंती

नमुना पाहून काका समाधानी होते. मुलगी नव्हती. “साडी छान आहे, पण ही पैठणी नाही. काठ बघा ना.” तिचं बरोबर होतं. मॉडेलने दिलेला काठ लांबून जरीचा, जवळून नुसती सोनेरी वेलबुट्टीची खिचडी. बनारसी म्हणा, कांजीवरम म्हणा, चालून जाईल. पैठणीचा नारळी काठ आणि पदरावरचे मोर सूचनेत शब्द वाढवून येत नाहीत, कारण तो नमुना ठराविक आहे आणि मॉडेल ‘त्या धर्तीचं काहीतरी’ काढतं.

मग कळलं की काकूंची हिरवी पैठणी घरातच आहे, कपाटात. ती मागवली, खिडकीपाशी टेबलावर पसरून काठाचा आणि पदराचा सरळ फोटो काढला. काठाची पट्टी फोटोशॉपमध्ये वार्प करून तयार साडीच्या चुण्यांवरून वळवली आणि खालच्या साडीचे छायाप्रकाश तिच्यावर मल्टिप्लाय मोडने घेतले. शेवटी काठ कापडात मुरावा म्हणून साडीवर तुकड्या-तुकड्याने, मूळ आकारात, ०.२५ ने एक हलका हात फिरवला. ०.३५ ला मोरांच्या चोची विरघळायला लागल्या, म्हणून तिथून मागे आलो. याच हाताने साडीचा मऊपणाही गेला. पहिल्या टप्प्यातली साडी लहान तुकड्यातून मोठी झालेली असल्याने चेहऱ्याच्या मानाने धूसर होती. मोबाइलच्या फोटोत जो बारीक रवा असतो तोही साडीवर थोडा टाकला, नाहीतर साडी गुळगुळीत आणि चेहरा खरखरीत असं दिसतं.

तपासणी

चेहऱ्याला धक्का लागलेला नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. मूळ फोटो तयार फोटोच्या वर ठेवून मोड डिफरन्स केला. जिथे दोन्ही अगदी सारखे तिथे काळं दिसतं. मग वरून लेव्हल्स जोरात ओढल्या. साडी रंगीबेरंगी झाली, चेहरा आणि हात काळेकुट्ट राहिले. हनुवटीखाली मास्कच्या मऊ कडेची एक राखाडी रेघ निघाली, ती मूळ फोटोतून परत भरली. ही तपासणी पीएनजी फाइलवरच करावी. मध्ये कुठे जेपीजी केली की सगळीकडे बारीक ठिपके उठतात आणि काही कळत नाही. हीच मॉडेल्स चालवणाऱ्या कम्फीयूआय या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांनी तर ती चुकवूच नये. तिथे शेवटी मूळ फोटोवर फक्त मास्कचा भाग परत चिकटवण्याची पायरी आपण जोडली नाही, तर मास्कबाहेरचा चेहराही लहान होऊन मोठा होण्याच्या फेऱ्यातून जातो आणि किंचित बदलतो.

निकाल

फोटो लागला. काकांनी आधी हात पाहिले, मग चेहरा, आणि साडीबद्दल काही बोलले नाहीत. मुलीने काठ निरखला. एक उणीव राहिलीच. फिक्या गाउनवरून उडालेला उजेड काकूंच्या हनुवटीखाली होता, गडद हिरव्या साडीवरून तसा उजेड येत नाही. जाणत्याला ते खटकेल. पण ते दुरुस्त करायचं म्हणजे चेहऱ्याला हात लावायचा, आणि काकांची मनाई नेमकी त्यालाच होती. आम्ही सोडून दिलं आणि मला आजही ते योग्य वाटतं.

काय वेगळं करता येईल

साडी घरात आहे का, हा प्रश्न पहिल्या भेटीतच यायला हवा. पैठणीचा फोटो आधीपासून हाताशी असता तर सुरुवातीचा ढोबळ रंगही त्यावरूनच घेता आला असता आणि काठाचं अर्धं काम वाचलं असतं. रंगाबद्दलही ग्राहकाशी बोलायला जागा आहे. मूळ कपडा फिका असेल तर आंबा किंवा मोतिया रंगाची साडी हनुवटीखालच्या उजेडाशी जुळते. सगळ्यांना चालेलच असं नाही, पण निदान विचारता येतं.

आणि काही फोटो या पद्धतीला देऊच नयेत. हात कापडावर टेकलेला असेल तर जमतं. हाताने कापड धरलेलं असेल, ओढणीचं टोक मुठीत किंवा बोट बटणाच्या काजात, तर कापड बदललं की मुठीला अर्थ राहत नाही आणि मूठ तर तीच ठेवायची असते. अशा वेळी मुलीला किंवा सुनेला तीच साडी नेसवून, त्याच खुर्चीत, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेच्या उजेडात बसवून फोटो काढणं आणि त्या फोटोतली साडी उचलणं जास्त खात्रीचं.